माईची वही आणि भाजणीचं माप: ठाण्यातल्या दोन बहिणींचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी ठाण्यात घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्यांचे हिशेब लिहिते. हे प्रकरण दोघी बहिणींच्या परवानगीने लिहिते आहे. नावं टाळली आहेत, म्हणून एकीला थोरली म्हणते, दुसरीला धाकटी.

त्यांची आजी, म्हणजे माई, डिसेंबर २०२२ मध्ये गेली. नौपाड्यातल्या तिच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरला होता आणि मे २०२३ च्या अखेरीस जागा रिकामी करून द्यायची होती. पितळेची भांडी, देवघर, गोधड्या यांची वाटणी भांडण न होता झाली. उरलं ते स्वयंपाकघराच्या माळ्यावरचं सामान. त्यात बिस्किटाच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेली एक लांबट, खातेवहीच्या आकाराची वही सापडली.

थोरली तेव्हा एका शाळेच्या कार्यालयातली नोकरी सोडून घरी होती. धाकटी कळव्याला भाड्याच्या घरात राहून एका औषध कंपनीच्या गोदामाचा साठा सांभाळत होती. वहीचं काय करायचं याचा विचार दोघींनी केलाच नव्हता. थोरलीला तिच्यातली पंचामृताची कृती हवी होती, एवढंच.

वही पुढून वाचली तर इतर आज्यांच्या वह्यांसारखीच होती. मेतकूट, सांडगे, गोडा मसाला, डिंकाचे लाडू. बऱ्याच ठिकाणी प्रमाणाऐवजी "अंदाजाने". पहिल्या काही पानांवर समासात वाण्याचे दर आण्यांत लिहिलेले होते, म्हणजे ती पानं नवे पैसे येण्याआधीची, १९५७ च्या अगोदरची.

धाकटीला सवय साठा मोजायची, त्यामुळे तिने वही उलटी केली आणि मागून वाचायला घेतली. मागच्या बाजूला माईने दरवर्षी एक पान आखलं होतं. मथळा एकच, "भाजणी, दिवाळी". खाली नावंही नव्हती, नुसत्या ओळखी होत्या: वरची काकू २ शेर, डॉक्टरीण १ शेर, बँकवाल्यांची सून १ मापटे. पुढे दळणाचे पैसे आले की नाही याची खूण. आणि त्याच्याही पुढे, बारीक अक्षरात, शेरे होते.

"डॉक्टरीण: चकल्या मऊ पडल्या. मोहन जास्त घातले असावे, विचारणे."
"यंदा तांदूळ नवा. चिकट. पुढल्या वर्षी जुनाच."
"वरची काकू: छान. मुलीकडेही हवी."

१९७२ च्या पानावर, त्या दुष्काळाच्या वर्षी, फक्त "यंदा नाही" एवढंच होतं.

थोरलीने मला नंतर सांगितलं, "माई शेजारी भाजणी वाटते एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती तक्रारी लिहून ठेवते हे माहीत नव्हतं." व्यवसायाची कल्पना आली ती इथे. पाककृती तर कुणाच्याही घरी सापडतील. पण एकच पदार्थ वर्षानुवर्षं तीसेक घरांना देणं, कोणाचं काय बिघडलं ते टिपून ठेवणं आणि पुढच्या वर्षी ते सुधारणं, हे घरोघरी नसतं.

समोर असलेले पर्याय

पहिली कल्पना वहीचं पुस्तक छापायची. ती चहा संपायच्या आत मागे पडली, कारण निम्म्या कृती "अंदाजाने" होत्या. दुसरी कल्पना तयार फराळाची. थोरलीचा कल तिकडे होता, कारण विकला जातो तो फराळ. धाकटीने त्यातली अडचण दाखवली. तळणीला तेलाचा भाव, जागा आणि तळणारा हात लागतो. चकल्या तुटतात, मऊ पडतात. शिवाय ठाण्यात दिवाळीच्या आधी तयार फराळ गल्लोगल्ली मिळतो.

भाजणीचं गणित वेगळं होतं. चकल्या स्वतःच्या हाताने करायची हौस असलेल्या बायका पुष्कळ आहेत, पण तांदूळ धुऊन सावलीत वाळवणं, प्रत्येक धान्य वेगळं भाजणं आणि गिरणीत रांग लावणं यासाठी त्यांच्याकडे दिवस नसतो. कष्टाचा तेवढा भाग दुसऱ्याने करून दिला तर सोऱ्या फिरवायचा आनंद त्यांच्याकडेच राहतो. माईचं गिऱ्हाईक नेमकं हेच होतं.

गोडा मसाल्याचाही विचार झाला. पण त्या वर्षी जिरं कडाडलं होतं, आणि मसाल्याची चव घराघरात इतकी वेगळी की "आमच्यासारखा नाही" हे हमखास ऐकावं लागलं असतं. म्हणून एकच पदार्थ ठरला, चकलीची भाजणी. विक्री दसरा ते दिवाळी. माझ्या मते निवड योग्य होती, पण ती करताना दोघींनी एक गोष्ट गृहीत धरली, आणि पहिले दोन महिने त्यातच गेले.

अडचण: शेर म्हणजे किती?

वहीतलं प्रमाण असं होतं: तांदूळ ४ शेर, हरभरा डाळ २ शेर, उडीद डाळ १ शेर, जाडे पोहे १ शेर, धने १ चिपटे, जिरे अर्धे चिपटे.

थोरलीने वडिलांना विचारलं. ते म्हणाले, शेर म्हणजे ८० तोळे, किलोला थोडा कमी. वजनाच्या शेराबद्दल हे बरोबरच आहे, तो सुमारे ९३३ ग्रॅम भरतो. चार चिपट्यांचा एक शेर हेही त्यांना पाठ होतं. मग हिशेब सोपा झाला. चाचणीसाठी पाव प्रमाण घेतलं: तांदूळ १ किलो, हरभरा डाळ ५०० ग्रॅम, उडीद डाळ २५०, पोहे २५०, धने ६०, जिरं ३०.

जुलैमध्ये त्यांनी हे तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा बिघडलं. पीठ हाताला बरं लागायचं, पण सोऱ्यातून पडणारी चकली दुसऱ्या वेढ्यालाच तुटायची. नीट पाहिलं तर ताटलीच्या भोकांच्या कडेला धन्याची सालं अडकलेली दिसत. जी चकली शाबूत पडे ती तेलात गेल्यावर भरपूर तेल पिई, आणि उचलताना झाऱ्यावरच तिचे तुकडे होत. रंग काळपट. धाकटी म्हणाली, "ताई, हे काहीतरी भाजण्यात चुकतंय." मग भाजणं बदललं, गिरणी बदलली, मोहन कमी केलं. तुटणं थांबेना.

वाट दाखवली आत्याने, आणि तीही रागावलेली असताना. ऐरोलीला राहणाऱ्या आत्याला कोणाकडून तरी कळलं की माईच्या वहीवर धंदा निघतोय. तिचा फोन आला. "माझ्या आईची वही, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही?" थोरली सारवासारव करत राहिली. धाकटी दुसऱ्याच रविवारी वही घेऊन ऐरोलीला गेली. आत्याने प्रमाणाचं पान वाचलं, जुलैची कथा ऐकली आणि विचारलं, "पोहे किलोने घेतलेत? अगं, आई कधी तराजूला हात लावायची नाही. मापाने घ्यायची."

आणि तिने बाल्कनीतून एक पितळी माप आणलं. त्यात ती कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवत असे. तळाशी हिरवट डाग, कडेला एक पोचा. माईचा शेर तोच.

शेर हे वजनही होतं आणि मापही. पायली, शेर, मापटे, चिपटे ही धान्य मोजायची भांडी. चार शेरांची पायली, दोन मापट्यांचा शेर, दोन चिपट्यांचं मापटं. वहीत तक्रारीच्या पानांवर "मापटे" लिहिलेलं होतं, प्रमाणात "चिपटे" होतं, म्हणजे खूण डोळ्यांसमोरच होती. भांड्याने मोजलं की जड धान्य आणि हलकं धान्य यांचं वजन सारखं भरत नाही. आत्याच्या ओट्यावर त्यांनी एकेक वस्तू त्या शेरात शीग न ठेवता सपाट भरली आणि वजनकाट्यावर घातली. तांदूळ ९८० ग्रॅम. हरभरा डाळ ९६०. उडीद डाळ ९५०. इथवर वजनाचा हिशेबही चालला असता. जाडे पोहे मात्र अवघे ३५० ग्रॅम. धन्याचं चिपटं १०५ ग्रॅम, जिऱ्याचं अर्धं चिपटं ६५.

म्हणजे चार शेर तांदळाला दोघी जवळजवळ एक किलो पोहे घालत होत्या, माई साडेतीनशे ग्रॅम. धने आणि जिरंही दुपटीच्या आसपास. पोह्याने चकली हलकी, खुसखुशीत होते, पण तिप्पट पोहे पडल्यावर ती ठिसूळ होऊन तेल ओढणार आणि मोडणार. अडकणारी सालं होती ती या जास्तीच्या धन्याची.

ऑगस्टमध्ये नवीन वजनांनी केलेला पहिला घाणा आत्यानेच तळला. चकली तुटली नाही.

काय केलं

आत्या तिसरी भागीदार झाली. पैशात नाही, तर भाजण्याची पारख आणि तळून बघण्याची जबाबदारी या बदल्यात. हा निर्णय भावनेपोटी झाला असं दोघी म्हणतात. मला तो धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचा वाटतो, कारण भाजणी कुठवर भाजायची हे वहीत नव्हतं. आत्याची खूण अशी: तांदळाचा रंग बदलू द्यायचा नाही, तो फक्त हलका होऊन कढईत टणटण वाजला पाहिजे. डाळींचा कच्चा वास जाऊन खमंग वास आला आणि बदामी छटा आली की उतरवायचं. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, एका वेळी किलोभरच. जास्त घातलं की खालचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं.

तांदूळ आणि डाळी जांभळी नाक्याच्या घाऊक दुकानातून, तांदूळ जुना मागून. गिरणी नौपाड्यातलीच, माईची. गिरणीवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "कशावर दळू?" गव्हावर दळलं तर आधीच्या दळणाचं पीठ जात्यात राहून भाजणीत उतरतं. म्हणून हरभऱ्यावर, आणि पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायचं.

नोंदणीत एक छोटा अडथळा आला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी पदार्थ जिथे बनतो त्या जागेवर होते. माईच्या घराचा पत्ता आता पाडकामाच्या यादीत, धाकटीचं घर भाड्याचं. म्हणून थोरलीच्या वर्तकनगरच्या घरावर अर्ज केला. तेव्हाच्या नियमाने वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला मूलभूत नोंदणी पुरत होती आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. नोंदणी क्रमांक येईपर्यंत पाकिटं छापायची नाहीत असं धाकटीने बजावलं होतं, आणि ते बरं झालं. पाकिटावर क्रमांक, घटक उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, हिरवा ठिपका हे सगळं एकदाच नीट बसलं.

किंमत ठरवताना मात्र घसरल्या. चार शेर तांदळाच्या एका घाण्याला सगळं धान्य मिळून ५६५ रुपये, दळण ७५, गॅस ६०, आणि तेरा पाकिटांचे १५६. एकूण ८५६ रुपये, म्हणजे अर्ध्या किलोच्या पाकिटाला ६६. थोरली म्हणाली, दुप्पट करू, १३० ठेवू. दुप्पट म्हणजे नफा भरपूर, हा समज फार जणांचा असतो. मी एकच प्रश्न विचारला: एका घाण्याला किती तास? निवडणं, धुणं, वाळवणं, भाजणं, गिरणी, भरणं धरून दोघींचे मिळून दहा. १३० ला विकलं तर तेरा पाकिटांमागे उरणारे ८३० रुपये त्या दहा तासांना वाटायचे. पोळ्या करणाऱ्या मावशींनाही तासाला याहून जास्त मिळतात. शेवटी १६० ठरले. १८० ला आत्या तयार नव्हती, "पिठाला इतके कोण देणार" म्हणून.

घोळ

दसरा २४ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. मधल्या दिवसांत नऊ घाणे निघाले, ११७ पाकिटं. सातव्या घाण्याला गिरणीत गर्दी होती, पीठ रात्री नऊला हातात आलं आणि दुसऱ्या सकाळी पंधरा पाकिटं पोचवायची होती. दळलेलं पीठ जात्यातून गरम येतं. ते सुती कापडावर पसरून पूर्ण निवेपर्यंत थांबावं लागतं. त्या रात्री थांबल्या नाहीत. कोमट पीठ भरून पाकिटं बंद केली.

सहा दिवसांनी पहिला फोन आला. पिठाला कुबट वास आणि गुठळ्या. थोरलीने घरात उरलेलं एक पाकीट उजेडाकडे धरलं तेव्हा आतल्या बाजूला, वरच्या शिवणीजवळ, बारीक थेंब दिसले. पिठातली वाफ पाकिटात अडकून थंड झाली होती.

पाकीट परत घेणं सोपं होतं. कठीण होता पुढचा प्रश्न: या घाण्याची बाकीची पाकिटं कोणाकडे गेली? पाकिटावर तारीख होती, पण त्या दिवशी दोन घाणे भरले होते आणि दोन्हींवर एकच तारीख. कोणाला कुठलं दिलं हे कुठेच लिहिलं नव्हतं. दोन संध्याकाळी बसून दोघींनी चाळीसहून जास्त घरांना फोन केले. सहा पाकिटं परत आली. पैसे दिले, ज्यांना हवी त्यांना नवी भाजणी दिली.

धाकटी गोदामात रोज खोक्यांवर घाण्याचा क्रमांक बघते. तिने हे मला सांगितलं तेव्हा तिचं तिलाच हसू आवरेना. "आणि माईने तर वरच्या काकूला कुठल्या तांदळाची भाजणी दिली तेसुद्धा लिहिलं होतं!"

मऊ चकल्यांची तक्रारही आली, तीन घरांतून. ती पिठाची नव्हती. आत्याने प्रत्येकीला विचारलं, मोहन किती घातलं आणि आच कशी होती. त्यांतल्या दोघींनी वाटीमागे दोन-दोन पळ्या कडकडीत तेल ओतलं होतं. तिसरीने मोठ्या आचेवर तळलं, त्यामुळे वरून रंग आला, आत ओलसर राहिलं, आणि गार झाल्यावर मऊ पडली. पाकिटात मोहनाचं माप आणि मध्यम आचेची सूचना लिहिलेली चिठ्ठी टाकायला हवी होती. माईने १९६० च्या दशकातच "विचारणे" असं लिहून ठेवलं होतं.

निष्पत्ती

परत आलेली सहा आणि न खपलेली सात वजा जाता १०४ पाकिटांचे पैसे मिळाले, १६,६४० रुपये. नऊ घाण्यांचा खर्च ७,७०४. उरले ८,९३६. ९० तासांना वाटले तर तासाला सुमारे १०० रुपये. यातून पाकीट बंद करायचं यंत्र, वजनकाटा आणि नोंदणीचे मिळून ३,४०० वजा करायचे राहतात. आत्याचे तास तर यात धरलेच नाहीत, त्यावर ती अजून बोलते. पहिल्या वर्षी तोटा झाला नाही, एवढंच म्हणता येईल.

पुढच्या वर्षी किंमत १८० झाली आणि एकही गिऱ्हाईक कुरकुरलं नाही. आगाऊ नोंदणीशिवाय घाणा लावायचा नाही, म्हणून पाकिटं उरली नाहीत. दळण आलं की रात्रभर कापडावर पसरायचं, सकाळी हात घालून गार लागलं तरच भरायचं. प्रत्येक पाकिटावर घाण्याचा क्रमांक. वर्षभर थालीपिठाची भाजणी करावी का यावर दोघींचं अजून एकमत नाही. ज्वारी-बाजरीची भाजणी लवकर खवट होते, शिवाय थालीपीठ हा रोजचा पदार्थ, त्यासाठी सणाचा भाव कोणी देत नाही. मीसुद्धा धाकटीच्याच बाजूने आहे: थांबा.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी आत्याला विचारता आलं असतं. मान राखायचा म्हणूनही, पण मुख्य कारण वेगळं. जुन्या वहीतली कृती करताना पाहिलेला माणूस हयात असेल तर वहीइतकंच मोल त्याचं असतं. जुलैचे तीन बिघडलेले घाणे वाचले असते.

दुसरं, वहीचं प्रमाण वजनात बदलण्याआधी एक साधी चाचणी करता आली असती. कृतीत पोहे, धने, लाह्या अशी हलकी वस्तू आणि तांदूळ-डाळीसारखी जड वस्तू एकाच मापात लिहिली असेल, तर ते माप भांड्याचं असण्याची शक्यता दाट. मग कुठलंही एकच भांडं घेऊन सगळं त्यानेच मोजलं, तरी प्रमाण बरोबर येतं. शेर हवाच असं नाही. हे मलाही त्या वेळी सुचलं नाही, मी तर त्यांच्या किलोच्या हिशेबावर बरोबरची खूण केली होती.

आणि चाचणीच्या चकल्या आत्याच्या हातच्या नको होत्या. तिचा हात बसलेला. ज्या बाईने आयुष्यात दोनदाच चकल्या केल्यात, तिच्याकडे एक पाकीट द्यायला हवं होतं आणि ती काय चुकते ते बघत बसायला हवं होतं.

पितळी शेर आत्याने परत मागून घेतला. चिमटे आता प्लास्टिकच्या डब्यात असतात, शेर दिवाळीच्या आधी लोकलने ठाण्याला येतो. धाकटीने नवी वही आणली, पुढची पानं कोरी ठेवली आणि मागून आखायला सुरुवात केली. पहिल्या पानावर सातव्या घाण्यासमोर तिने लिहिलंय: "गरम भरले. सहा परत."